मध्यरात्रीचा भुंकणारा खोकला

दीड वर्षाचं मूल. दोन दिवस नाक वाहतंय, अंग थोडं गरम, आवाज बसलेला. रात्री नीट जेवून झोपतं आणि एक-दीडच्या सुमारास खोकत उठून बसतं. खोकला असा, की घरात कुत्रं भुंकतंय असं वाटावं. मूल घाबरून रडतं आणि प्रत्येक श्वास आत घेताना घशातून कर्कश, ओढल्यासारखा आवाज येतो. आईवडिलांचं धाबं दणाणतं. असं दृश्य असेल तर तो बहुधा क्रूप असतो. हा आजार मुख्यतः सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना होतो.

हा डांग्या खोकला नव्हे. क्रूपचं कारण साध्या सर्दीचे विषाणू, त्यातही बहुतेकदा पॅराइन्फ्लुएन्झा. सूज येते ती स्वरयंत्र आणि त्याच्या लगेच खालच्या श्वासनळीला. तिथे कूर्चेचं पूर्ण बंद कडं असतं, त्यामुळे सूज बाहेर पसरू शकत नाही, आतच येते. चार मिलिमीटर रुंदीच्या नळीला सगळीकडून एक मिलिमीटर सूज आली, तर हवेची वाट चौथ्या हिश्शावर येते. मोठ्या माणसाच्या रुंद नळीत तेवढ्याच सुजेने फक्त आवाज बसतो.

यातूनच घरच्या पहिल्या उपायाचं कारण कळतं. मूल रडलं की श्वास जोरात ओढतं, आणि तसं ओढताना मऊ, सुजलेली नळी आणखी आत खेचली जाते. म्हणून रडणं थांबवणं हाच इथे मोठा उपचार आहे. बाळाला मांडीवर सरळ बसवा, छातीशी धरा, हळू आवाजात बोला. खोलीत माणसांची गर्दी नको. आडवं झोपवायची जबरदस्ती नको. पाणी किंवा दूध घोट घोट द्या. ताप असेल तर डॉक्टरांनी वजनानुसार सांगितलेलं पॅरासिटामॉल द्या. बाहेर हवा गार असेल तर अंगावर उबदार कपडे घालून थोडा वेळ गॅलरीत न्या. सौम्य ते मध्यम आजारात थंड हवेने आराम पडतो, हे जिनिव्हातल्या एका अभ्यासातही दिसलं आहे. मात्र ती हवा खरीच गार होती, दहा अंशांच्या खाली. मुंबईच्या दमट रात्रीत तेवढी अपेक्षा ठेवू नये.

आपल्याकडे लगेच वाफेचं भांडं पुढे येतं. क्रूपमध्ये वाफेचा फायदा सिद्ध झालेला नाही आणि उकळतं पाणी सांडून भाजलेली मुलं मात्र दवाखान्यात येत राहतात. वाफ देऊ नका, असं मी ठामपणे सांगेन. खोकल्याचं औषध सूज उतरवत नाही, आणि विषाणूवर अँटिबायोटिकही चालत नाही. घसा बघायला तोंडात चमचा किंवा बोट तर मुळीच घालू नका.

आता खरा प्रश्न, रात्रीच निघायचं की सकाळपर्यंत थांबायचं? खोकला किती मोठा आहे यावर ते ठरवू नका. मूल शांत झाल्यावर त्याचा सदरा वर करा आणि मिनिटभर नुसतं पाहा. आवाज फक्त रडताना किंवा खोकताना येत असेल, मूल आजूबाजूला बघत असेल, पाणी पीत असेल, तर त्याच्याजवळ झोपून लक्ष ठेवा आणि सकाळी डॉक्टरांना दाखवा. पण शांत बसलेलं असतानाही आत श्वास घेताना आवाज येत असेल, फासळ्यांमधली किंवा गळ्याखालची खळगी आत ओढली जात असेल, तर त्याच रात्री रुग्णालयात न्या. ओठ निळसर किंवा चेहरा पांढराफटक पडणं, मूल सुस्त होणं, लाळ गिळता न येणं, ही लक्षणं दिसली तर क्षणभरही थांबू नका. १०८ ला फोन करा. एक फसवी गोष्ट लक्षात ठेवा. धाप लागलेल्या मुलाचा आवाज अचानक कमी झाला आणि ते मलूल दिसत असेल, तर ते बरं होत नसून थकत चाललेलं असू शकतं.

सर्दी नसताना, दाणे खाताना किंवा खेळताना अचानक असा आवाज सुरू झाला तर घशात काही अडकल्याचा संशय घ्यायचा. खूप ताप, लाळ गळणं आणि पुढे वाकून बसणं दिसलं तर स्वरयंत्रावरच्या झाकणाची गंभीर सूज असू शकते. पेंटाव्हॅलंट लसीमुळे ती आता क्वचित दिसते. सहा महिन्यांहून लहान बाळाला असा आवाज आला तर घरी वाट पाहू नये.

रुग्णालयात साधारणपणे डेक्सामेथासोनचा एकच डोस, शक्यतो तोंडाने, देतात. काही तासांत सूज उतरू लागते आणि परिणाम दोन-तीन दिवस टिकतो. त्रास जास्त असेल तर अ‍ॅड्रिनॅलिनची नेब्युलायझरने वाफारणी करतात. तिने काही मिनिटांत मोकळं वाटतं, पण दोनेक तासांत असर ओसरतो. म्हणून मूल हसू-खेळू लागलं तरी डॉक्टर काही तास थांबवून घेतात. त्या वेळी घरी जायची घाई करू नये. दिवसा ठीक दिसलेलं मूल दुसऱ्या रात्रीही भुंकत उठू शकतं. खोकला बहुधा तीन दिवसांत निवळतो. तोवर रात्री त्याच खोलीत झोपा आणि कुठल्या रुग्णालयात रात्री बालरोगतज्ज्ञ असतात, हे दिवसाच विचारून ठेवा.