पाडव्याचं पोस्टर आणि ‘सरां’ना ई-मेल

एखाद्या पतसंस्थेचं उदाहरण घ्या. संस्थेचा रंग गडद निळा, लोगो निळ्यावर पांढरा. गुढीपाडव्याचं पोस्टर तयार होऊन येतं, त्यात मात्र सगळीकडे केशरी रंग, वर सोनेरी झळाळी मारलेला लोगो आणि पांढऱ्या वळणदार अक्षरांत शुभेच्छा. मॅनेजरना ते आवडलंय. विभागात नुकत्याच लागलेल्या डिझायनरला ते संस्थेचं वाटत नाही. आता हे सरांना सांगायचं कसं?

‘सर, पोस्टर आपल्या ब्रँडला धरून नाही’ एवढंच लिहिलं, तर उत्तर ठरलेलं असतं: ‘सण आहे, जरा रंगीत दिसू दे.’ आवडीनिवडीच्या वादात ज्युनिअर हरतोच, आणि ते साहजिकही आहे. म्हणून ई-मेलची सुरुवात सभासदापासून व्हायला हवी. ती साधारण अशी:

‘सर, पोस्टर सणाचं वाटतं, केशरी पार्श्वभूमी तशीच ठेवू या. छपाईला देण्याआधी तीन दुरुस्त्या सुचवतो. आपले बहुतेक सभासद हे व्हॉट्सअ‍ॅपवर बघणार. तिथे लोगो ओळखू येत नाही आणि शुभेच्छांखालची ठेव योजनेची ओळ वाचता येत नाही. दुरुस्त केलेला नमुना जोडला आहे.’

यात ‘ब्रँड’ हा शब्दसुद्धा नाही. पुढे प्रत्येक दुरुस्तीचं कारण द्यायचं, तेही तपासून बघता येईल असं.

अक्षरांचं उदाहरण बघू. मजकूर वाचता येतो की नाही हे मोजायला वेबवर WCAG नावाचे निकष वापरतात. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक साध्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ असावा, मोठ्या ठळक अक्षरांना ३ : १ चालतो. #FF9933 या केशरीवर पांढरी अक्षरं ठेवली तर हे गुणोत्तर जेमतेम २.१ भरतं, म्हणजे मोठ्या अक्षरांनाही अपुरं. त्याच केशरीवर संस्थेचा निळा, समजा #1B2A5C, वापरला की ते ६.४ वर जातं. रंग मोजणारी फुकट साधनं नेटवर आहेत, त्यामुळे मॅनेजर स्वतः आकडा पडताळू शकतात. शिवाय केशरी रंग जसाच्या तसा राहतो, सणही राहतो आणि संस्थेचा निळाही परत येतो.

लोगोचं प्रकरण जास्त नाजूक आहे. ‘गूगलसुद्धा सणावाराला लोगो बदलतं की!’ असं सर म्हणणारच. खरं आहे, १९९८ पासून बदलतं. पण तो बदललेला लोगो गूगलच्या स्वतःच्या पानावर दिसतो. आपण कुठे आलोय हे बघणाऱ्याला आधीच माहीत असतं. पतसंस्थेचं पोस्टर मात्र कुणीतरी पुढे ढकललेलं असतं, चार ग्रुप फिरून आलेलं. ते खरंच संस्थेकडून आलंय का, हे ओळखायला सभासदाकडे पहिली खूण लोगो आणि रंग हीच असते. अर्थात लोगो कुणीही चोरू शकतो, त्यामुळे ही काही पक्की खात्री नव्हे. पण संस्थाच दर सणाला वेगळा लोगो लावू लागली, तर खोट्या कर्जाची जाहिरात वेगळी दिसली तरी सभासदाला खटकणार नाही. ई-मेलमधलं सर्वांत वजनदार वाक्य हेच, आणि ते शेवटच्या परिच्छेदात दडवून ठेवू नये.

तिसरी दुरुस्ती ब्रँडची नाही, पण तेवढीच महत्त्वाची. पोस्टरवर ‘गुडीपाडवा’ आणि ‘हार्दीक’ छापलंय. हवं ‘गुढीपाडवा’ आणि ‘हार्दिक’. चित्रातली गुढीही बघून घ्यावी. तयार चित्रसंग्रहातून उचललेल्या चित्रात तांब्या कधीकधी सुलटा सापडतो. मराठी सभासदाला हे आधी दिसतं, रंग नंतर.

अध्यक्षांचा मोठा फोटो? तो विषय ज्युनिअरने काढू नये. फोटोची जागा कुठल्याही ब्रँड-नियमापेक्षा वरच्या मजल्यावर ठरते. फोटो लोगोला चिकटला असेल तर तो थोडा सरकवावा. लोगोभोवती मोकळी जागा ठेवायचा नियम संस्थेच्या पुस्तिकेत बहुधा असतोच, त्या पानाचा क्रमांक लिहिला की पुरे.

शेवटी वेळ लिहावी: दुरुस्तीला किती लागेल आणि होकार कधीपर्यंत हवा. मूळ आणि दुरुस्त पोस्टर शेजारी शेजारी, फोनवर दिसतील त्या लहान आकारात जोडावीत. मॅनेजर बहुधा ई-मेल फोनवरच उघडतील; मजकूर वाचायच्या आधी त्यांची नजर या दोन चित्रांवर जाईल आणि बऱ्याचदा निर्णय तिथेच होईल.