ताऱ्यातलं लोखंड बाहेर कसं येतं?

डिसेंबर-जानेवारीच्या रात्री मृग नक्षत्र वर आलं, की त्याच्या पोटात रुतलेल्या बाणाचे तीन तारे कोणालाही चटकन ओळखता येतात. त्या बाणाच्या थोडं खाली तीन फिकट ठिपके आहेत. त्यांतला मधला ठिपका साध्या द्विनेत्रीतून पाहिला तर ताऱ्यासारखा टोकदार दिसत नाही, धुरकट दिसतो. हा मृगातला तेजोमेघ. तो आपल्यापासून सुमारे १,३५० प्रकाशवर्षं दूर आहे आणि त्यात आजही तारे जन्माला येत आहेत.

डोळ्यांना दिसतो तो मात्र या प्रकरणाचा फक्त उजळलेला दर्शनी भाग. खरा कच्चा माल त्याच्या मागे आहे: हायड्रोजनच्या रेणूंचा आणि धुळीचा एक प्रचंड, काळोखा, गार ढग. त्याचं तापमान शून्याखाली २६० अंश सेल्सियसच्या आसपास असतं. इतक्या थंडीत हायड्रोजनचे रेणू जवळजवळ काहीच प्रकाश देत नाहीत, त्यामुळे ढगाचा ठाव घ्यायला त्यात किंचित मिसळलेल्या कार्बन मोनॉक्साइडचा आधार घ्यावा लागतो. तो २.६ मिलिमीटर तरंगलांबीचे रेडिओ संकेत सोडतो. १९७० साली अवकाशात कार्बन मोनॉक्साइड पहिल्यांदा सापडला, तो मृगातच. (आपल्या नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी दुर्बीण मीटरभराच्या आसपासच्या लहरी टिपते. मिलिमीटरचा हा प्रांत तिचा नव्हे.)

असा ढग ताऱ्यात कसा बदलतो? ढगात दोन बलांची सतत ओढाताण चालू असते. गुरुत्वाकर्षण त्याला आत खेचतं आणि वायूचा दाब त्याला बाहेर ढकलतो. जितकी थंडी जास्त आणि वायू दाट, तितक्या कमी वस्तुमानाचा गोळाही स्वतःच्या वजनाने कोसळू शकतो. हे गणित जेम्स जीन्स यांनी १९०२ साली मांडलं. ढगातल्या दाट गाठींमध्ये एका घन सेंटिमीटरमध्ये लाखभर रेणू असतात. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो, पण आपल्या हवेच्या मानाने ही जागा रिकामीच म्हणायची. ढगच इतका अफाट आहे, की एवढ्या विरळ वायूचंही वजन कोसळायला पुरतं.

कोसळताना वायू तापतो. ही उष्णता आतच कोंडली, तर दाब वाढून कोसळणं थांबेल. सुरुवातीला तसं होत नाही, कारण रेणू आणि धूलिकण ती उष्णता रेडिओ आणि अवरक्त किरणांच्या रूपात बाहेर टाकत राहतात. पुढे गाभा इतका दाट होतो, की किरणांना वाट मिळेनाशी होते. मग आतलं तापमान चढू लागतं आणि कोसळण्याचा वेग मंदावतो. त्याच वेळी, फुगडी खेळताना दोघी जवळ आल्या की गिरकी जशी वाढते, तसा आकसणाऱ्या गोळ्याचा फिरण्याचा वेग वाढतो आणि उरलेला वायू त्याच्याभोवती चपट्या तबकडीत पसरतो. हबल दुर्बिणीने १९९० च्या दशकात मृगातल्या तेजोमेघाची छायाचित्रं घेतली, तेव्हा नव्या ताऱ्यांभोवतीच्या अशा तबकड्या काळ्या ठिपक्यांसारख्या स्पष्ट दिसल्या. पुढे ग्रह घडतात ते अशाच तबकड्यांमधून.

गाभ्याचं तापमान कोटीभर अंशांवर पोचलं, की हायड्रोजनची अणुकेंद्रं एकत्र येऊन हीलियम बनू लागतं. त्यातून सुटणारी ऊर्जा गुरुत्वाकर्षणाला तोलून धरते आणि आकसणं थांबतं. यालाच ताऱ्याचा जन्म म्हणायचं. सूर्याएवढ्या ताऱ्याला इथपर्यंत पोचायला काही कोटी वर्षं लागतात, वजनदार ताऱ्याला त्याहून फारच कमी. आणि हे वजनदार तारेच पुढच्या जन्मांच्या आड येतात. मृगातल्या तेजोमेघाच्या मधोमध चार तेजस्वी ताऱ्यांचा एक चौकोन आहे. त्यांचे अतिनील किरण आणि वारे आजूबाजूचा वायू तापवून उधळून लावतात. ढगाचा जेमतेम काही टक्के भाग ताऱ्यांच्या कामी येतो, तो यामुळेच. बाकीचा पुन्हा अवकाशात विखुरतो.

आता या जन्मलेल्यांपैकी सूर्याच्या वीसपट वस्तुमानाचा एक तारा घेऊ. त्याच्याकडे इंधन वीसपट असतं, पण तो ते हजारोपटींनी वेगात जाळतो. सूर्याला सुमारे एक हजार कोटी वर्षं पुरणारा हायड्रोजन याच्या गाभ्यात कोटीभर वर्षांत संपतो. मग गाभा आकसतो, आणखी तापतो आणि हीलियम पेटतं.

इथे एक अडचण आहे. दोन हीलियम केंद्रं जोडली तर बेरिलियमचं असं केंद्र बनतं, की जे बनता बनताच फुटतं. कार्बन बनायचा तर तेवढ्या क्षणात तिसरं हीलियम येऊन चिकटायला हवं, आणि गणितानुसार असं फार क्वचित घडायला हवं होतं. तरीही विश्वात कार्बन मुबलक आहे. फ्रेड हॉइल यांनी १९५३ साली उलटा तर्क केला: कार्बनच्या केंद्रात एका ठरावीक ऊर्जेची अवस्था असलीच पाहिजे, म्हणजे ही तिहेरी जोडणी सोपी होईल. कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत शोध घेतला, तर ती अवस्था सांगितल्या जागी सापडली. ताऱ्यांवरून अणुकेंद्राचं भाकीत करणारे हे हॉइल म्हणजे पुढे केंब्रिजमध्ये जयंत नारळीकरांचे गुरू झाले तेच.

हीलियमनंतर कार्बन, मग निऑन, ऑक्सिजन, सिलिकॉन. प्रत्येक टप्प्याला तापमान आधीपेक्षा जास्त लागतं आणि वेळ आधीपेक्षा कमी मिळतो. हीलियम दहा लाख वर्षांच्या आसपास पुरतं, कार्बन काही शे ते हजार वर्षं, ऑक्सिजन काही महिने. सिलिकॉन मोजक्या दिवसांत संपतं. या घाईला दोन कारणं आहेत. पुढच्या प्रत्येक जोडणीतून ऊर्जा कमी सुटते हे एक. दुसरं असं, की इतक्या तापमानाला गाभ्यात न्यूट्रिनो मोठ्या संख्येने तयार होतात आणि कशालाही न अडखळता ताऱ्याबाहेर निघून जाताना ऊर्जाही घेऊन जातात. शेवटी ताऱ्यात थरावर थर रचलेले असतात: बाहेर हायड्रोजन, आत एकेक जड मूलद्रव्य आणि मध्यभागी लोहाचा गाभा.

लोहाशी हा सगळा व्यवहार थांबतो. लोहाच्या आसपासची अणुकेंद्रं सर्वांत घट्ट बांधलेली असतात, त्यामुळे ती जोडून ऊर्जा मिळत नाही, उलट खर्चावी लागते. बाहेर सिलिकॉन जळत राहतं आणि गाभ्यावर लोहाची भर पडत जाते. गाभा सूर्याच्या सुमारे १.४ पट झाला, की स्वतःचं वजन त्याला पेलवत नाही. पृथ्वीच्या आकारासारखा हा गाभा सेकंदभरातच काही दहा किलोमीटरवर येतो. त्या तापात लोहाची केंद्रं फुटतात, इलेक्ट्रॉन प्रोटॉनमध्ये घुसून न्यूट्रॉन बनतात आणि ताऱ्याने इतक्या सायासाने जमवलेलं लोखंड नाहीसं होऊन उरतो न्यूट्रॉनचा गोळा. म्हणजे गाभ्यातलं लोखंड बाहेर येतच नाही. लोकप्रिय लेखांतून ही बाब बहुधा सुटून जाते.

मग बाहेर पडणारं लोखंड कुठलं? याचं उत्तर एका प्रत्यक्ष स्फोटाने दिलं. २४ फेब्रुवारी १९८७ रोजी चिलीतल्या लास कँपानास वेधशाळेत इयन शेल्टन यांना मोठ्या मॅजेलनी मेघात एक नवा तारा दिसला. हा मेघ म्हणजे आपल्या शेजारची छोटी आकाशगंगा, अंतर सुमारे १,६८,००० प्रकाशवर्षं. फुटलेला तारा जुन्या छायाचित्रांत सापडला, वस्तुमान सूर्याच्या वीसपटीच्या जवळपास. स्फोट डोळ्यांना दिसण्याच्या काही तास आधीच जपानमधल्या खाणीत ठेवलेल्या कामिओकांडेच्या पाण्याच्या टाकीत काही सेकंदांत दहा-बारा न्यूट्रिनो टिपले गेले होते. अमेरिकेत आणि रशियातही त्याच वेळी आणखी काही सापडले. गाभा कोसळल्याची ही थेट वर्दी होती. स्फोटाची जवळजवळ सगळी ऊर्जा न्यूट्रिनो घेऊन जातात. डोळ्यांना दिसणारा प्रकाश हा त्यातला अगदी किरकोळ हिस्सा.

कोसळलेला गाभा कडक झाल्यावर त्यावर आदळून उलटलेली आघातलहर बाहेर निघते. ती मध्येच अडखळते आणि न्यूट्रिनोंच्या उष्णतेने पुन्हा जोर धरते. ही लहर सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या थरांतून जाताना त्यांना इतकं तापवते, की क्षणार्धात निकेल-५६ तयार होतं. हे निकेल किरणोत्सारी असतं. सहा दिवसांच्या अर्धायुष्याने त्याचं कोबाल्ट-५६ होतं आणि ७७ दिवसांच्या अर्धायुष्याने त्या कोबाल्टचं साधं, स्थिर लोह.

हे कागदावरचं अनुमान तपासायची संधी १९८७ च्या ताऱ्याने दिली. सुरुवातीचे काही महिने ओसरल्यावर त्याचा प्रकाश मंदावू लागला आणि मंदावण्याचा तो वेग कोबाल्टशी तंतोतंत जुळला: दर ७७ दिवसांनी निम्मा. तोवर तापलेला वायू निवत आला होता, तारा उजळत होता तो कोबाल्टच्या ऱ्हासावर. शिवाय कोबाल्ट-५६ च्या खास ऊर्जेचे गॅमा किरणही उपग्रहांना मिळाले. अंतर माहीत असल्याने एकूण प्रकाश आणि त्यावरून निकेलचं वजन काढता आलं: सूर्याच्या ०.०७ पट. आकडा किरकोळ वाटतो, पण तेवढं लोखंड आपल्या पृथ्वीच्या वजनाच्या वीस हजारपटींहून जास्त भरतं. गाभ्यातून उरलेल्या न्यूट्रॉन ताऱ्याच्या खुणा मात्र बरीच वर्षं सापडत नव्हत्या. जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून त्या २०२४ साली पुढे आल्या.

सगळी मूलद्रव्यं अशाच स्फोटांतून आली, असं मात्र समजू नये. ऑक्सिजन प्रामुख्याने यांच्याकडूनच येतो. लोहाचा मोठा वाटा मात्र दुसऱ्या जातीच्या स्फोटांचा आहे: जोडीदाराच्या सान्निध्यातला श्वेतबटू संपूर्ण फुटतो, तेव्हा तो कितीतरी जास्त निकेल उधळतो. कार्बन आणि नायट्रोजन यांचा बराच भाग सूर्यापेक्षा काहीशा मोठ्या ताऱ्यांनी म्हातारपणी शांतपणे सोडलेल्या वायूतून येतो. सोन्याचा उगम दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीत असल्याचा भक्कम पुरावा १७ ऑगस्ट २०१७ च्या गुरुत्वीय लहरींच्या नोंदीनंतर मिळाला.

विखुरलेला माल सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने निघतो आणि आजूबाजूच्या वायूत मिसळत मंदावतो. त्यातलं काही धूलिकणांच्या रूपात आपल्यापर्यंतही आलं आहे. लोह-६० हा लोहाचा किरणोत्सारी प्रकार वजनदार ताऱ्यांत बनतो. त्याचं अर्धायुष्य २६ लाख वर्षं, म्हणजे पृथ्वी घडताना असलेलं लोह-६० केव्हाच संपलं. तरीही प्रशांत महासागराच्या तळावरच्या लोह-मँगनीजच्या थरांत ते सापडतं, आणि तेही मुख्यतः वीस ते तीस लाख वर्षांपूर्वी साचलेल्या भागात. त्या सुमारास जवळपास एक किंवा अनेक तारे फुटले असावेत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तर अंटार्क्टिकातला ताजा, विसेक वर्षांच्या आत पडलेला, पाचशे किलो बर्फ जर्मनीत नेऊन वितळवला आणि त्यातही लोह-६० चे मोजके अणू सापडले. आपली सूर्यमाला सध्या एका विरळ आंतरतारकीय ढगातून चालली आहे आणि हे लोखंड त्यातूनच आपल्यावर पडत असावं, असा त्या संशोधकांचा अंदाज आहे.