मेपलच्या पानांचे तोरण

अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड भागात सप्टेंबरच्या अखेरीपासून मेपलची झाडे पिवळी, केशरी, लाल होऊ लागतात. ही पाने दाबून, वाळवून त्यांची तोरणे आणि भिंतीवर लावायच्या चौकटी केल्या जातात. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो. हिरवा ओसरला की तो दिसू लागतो आणि वाळल्यावरही बऱ्यापैकी टिकतो. लाल रंग मात्र बहुतांशी त्या ऋतूतच तयार होतो आणि पेशींमधल्या पाण्यात विरघळलेला असतो. पाणी पानात रेंगाळले की लाल काळपट पडतो. म्हणून सारी धडपड पाणी लवकर काढण्यासाठी असते.

पाने कोरड्या दिवशी, दव उडून गेल्यावर गोळा करावीत. नुकतीच गळलेली किंवा देठाला हलका हात लावताच सुटणारी पाने उत्तम. जमिनीवर दिवसभर पडलेल्या पानाच्या कडा वळतात आणि दाबताना तडकतात. असे पान काही मिनिटे कोमट पाण्यात ठेवून सरळ करता येते. पण मग ते नीट टिपून घ्यावे लागते.

दाबण्यासाठी गुळगुळीत टीपकागद किंवा साधा वर्तमानपत्राचा कागद घ्यावा. नक्षीदार किचन पेपरचा ठसा पानावर उमटतो. पाने एकमेकांना न लागता मांडावीत आणि वर जड पुस्तके ठेवावीत. पहिले दोन-तीन दिवस कागद रोज बदलणे ही सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी पायरी आहे. ओल्या कागदात पान तपकिरी होते, बुरशीही धरते. साधारण एक-दोन आठवड्यांत पान वाळते. गालाला लावल्यावर गार लागले, तर ओल शिल्लक आहे. देठ वाकण्याऐवजी कट्कन मोडला, तर काम झाले.

फुलांत पँझी आणि कॉसमॉस यांसारखी पातळ फुले सपाट होतात. झेंडूचे अख्खे फूल दाबण्याच्या फंदात पडू नये. त्याच्या पाकळ्या सुट्या कराव्यात.

चौकटीसाठी एवढे पुरते. तोरणात मात्र कोरडे पान वाऱ्याने चुरते, म्हणून त्यावर मेणाचा थर देतात. उकळत्या पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून मधमाश्यांचे मेण वितळवावे. ते सुमारे 63 अंश सेल्सिअसला पातळ होते. थेट आचेवर मेण पेट घेऊ शकते. देठ धरून पान क्षणभर बुडवावे, जास्तीचे मेण निथळू द्यावे आणि टांगून ठेवावे. थर जाड, पांढुरका बसला तर मेण निवले आहे असे समजून ते पुन्हा तापवावे. मेण घट्ट झाल्यावर दोरा देठालाच बांधावा, कारण सुईने पाते फाटते. उन्हात लावलेल्या तोरणाचा रंग मेण असूनही उडतो. सावलीतल्या दारावर ते तो हंगाम सहज काढते.