महामार्गावर म्हैस आडवी आली, तर भरपाई कोणाकडे मागायची?

समजा, रात्री पुणे-सोलापूर महामार्गावर तुमच्या गाडीची म्हशीला धडक बसली. बॉनेट चेपलं आणि म्हैस पाय मोडून रस्त्यातच पडली. आसपास कोणी दिसत नाही. गाडी चालू होत असेल, तर अनेक जण अशा वेळी निघून जातात. त्यात जनावराचे हाल होतातच, शिवाय आपलंही नुकसान होतं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 132 मध्ये जनावराचा अपघातही मोजला आहे. गुरं, घोडा, शेळी, मेंढी यांचा त्यात उल्लेख आहे, कुत्र्याचा नाही. मालकाने स्वतःचं नाव सांगून तुमचा नाव-पत्ता विचारला, तर तो द्यावाच लागतो. म्हैस ही मालकाची मालमत्ता असल्याने कलम 134 ही लागू होतं. त्यानुसार जवळच्या पोलीस ठाण्यात लवकरात लवकर, फार तर 24 तासांत वर्दी द्यायची आणि विमा कंपनीलाही कळवायचं.

पण सगळ्यात आधी पार्किंगचे दिवे लावा, मागे त्रिकोण ठेवा आणि माणसांना रस्त्याबाहेर न्या. पडलेली म्हैस मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवावर बेतू शकते. राष्ट्रीय महामार्गावर 1033 ला आणि पशुवैद्यकीय मदतीसाठी 1962 ला फोन करा. जमाव अंगावर येत असेल, तर तिथे न थांबता थेट पोलीस ठाणं गाठा.

मग म्हशीच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा फोटो काढा. त्यावरच्या 12 आकडी क्रमांकावरून पशुसंवर्धन खात्याच्या नोंदीत मालक सापडू शकतो. पंचनाम्यातही तो क्रमांक लिहून घ्या. मालकच सापडला नाही, तर त्याच्याकडून भरपाई मागायची वाट बंद होते.

मालक सापडला, तर निष्काळजीपणे जनावर मोकळं सोडून माणसाच्या जिवाला धोका निर्माण केल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गाडीची भरपाई मात्र दिवाणी न्यायालयात मागावी लागते, कारण मोटार अपघात न्यायाधिकरण वाहनामुळे झालेल्या नुकसानीचे दावे ऐकतं. तिथे मालकाची हयगय सिद्ध करायची जबाबदारी तुमची. गुरं रोजच मोकळी सुटतात असं सांगणारे गावातले साक्षीदार इथे उपयोगी पडतात. उलट, दावणीचं दोर तुटून म्हैस त्याच रात्री निसटली असेल, तर मालकावर दोष ठेवणं अवघड जातं. तुमचा वेग जास्त असेल, तर तुमची भरपाई कमी होते आणि मालकच तुमच्या थर्ड पार्टी विम्यातून म्हशीची किंमत मागू शकतो.

बेवारस गुरांना मालकच नसतो. महामार्गांवरची गुरं हटवा आणि गस्तीपथकं नेमा, असे आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये दिले आहेत. तरीही आज रात्री तुमच्या गाडीचा खर्च भागेल तो सर्वसमावेशक विम्यातूनच. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत स्वतःच्या गाडीसाठी एक रुपयाही मिळत नाही. त्यामुळे महामार्गावर रोजची ये-जा असेल, तर पॉलिसी कोणती आहे ते आजच पाहून ठेवा.