‘एवढं एकच करेक्शन’ची किंमत

२०२५च्या ऑक्टोबरचं कॅलेंडर पाहा. २ तारखेला दसरा, ६ला कोजागरी, १७ला वसुबारस आणि तिथून २३च्या भाऊबीजेपर्यंत दिवाळी. मधली धनत्रयोदशी, नरक चतुर्दशी, लक्ष्मीपूजन आणि पाडवा धरले, तर शुभेच्छांचे आठ दिवस होतात. आता समजा, नाशिकच्या एका फराळवाल्यांनी आपलं इन्स्टाग्राम आणि फेसबुक पुण्यातल्या एका फ्रीलान्सर मुलीकडे सोपवलं आहे. बोलणं झालं ते एवढंच : महिन्याला १२ पोस्ट, १८ हजार रुपये. प्रत्येक सणाला दुकानाच्या नावानं शुभेच्छा गेल्याच पाहिजेत, असं मालकांचं म्हणणं. त्या आठ मोजल्या, तर चकली-अनारशांच्या ऑर्डरी आणायला चारच पोस्ट उरतात. ‘शुभेच्छांचं काय गं, सणाचं नाव तर बदलायचं, त्या कशाला मोजतेस?’ असं काका विचारतात. ती म्हणते, बारा म्हणजे बारा. आपापल्या जागी दोघांचंही बरोबर आहे, कारण पोस्ट कशाला म्हणायचं हे कुणीच ठरवलेलं नाही.

महिन्याच्या ठरलेल्या रकमेवर ठरलेलं काम, याला या धंद्यात रिटेनर म्हणतात. दुकानदाराला दर वेळी भाव करावा लागत नाही आणि फ्रीलान्सरला महिन्याच्या एक तारखेला काही हाती येण्याची खात्री असते. गोची अशी की, रक्कम आकड्यात असते आणि काम मात्र ‘पोस्ट’ नावाच्या एका सैल शब्दात. एक चित्र आणि चार ओळी हीही पोस्ट, सहा पानांचं कॅरोसेल हीही पोस्ट आणि भट्टीपाशी उभं राहून चित्रित केलेली, नंतर कापून-जोडून मजकूर चढवलेली रीलही पोस्टच.

म्हणून आधी तासांचा हिशेब. दर गावाप्रमाणे आणि अनुभवाप्रमाणे बदलतात, इथले आकडे हिशेब समजण्यापुरते. बारा पोस्टचे तीन भाग करू : चार रील, चार कॅरोसेल, चार साध्या. रीलला चार तास, कॅरोसेलला तीन आणि साध्या पोस्टला दीड तास लागतो असं धरलं, तर झाले ३४ तास. महिन्याचं नियोजन आणि मालकांशी एक बैठक यांचे चार. कमेंट आणि मेसेजना उत्तरं द्यायला रोजची वीस मिनिटं धरली, तर २४ दिवसांचे आठ तास. एकूण ४६. हे शेवटचे आठ तास बहुतेक करारांत कुठेच दिसत नाहीत, पण ‘अर्धा किलोचं पाकीट मिळेल का?’ हे विचारणाऱ्याला उत्तर तर कुणीतरी द्यावंच लागतं.

या ४६ तासांत अजून एकही करेक्शन आलेलं नाही. दुरुस्तीच्या एका फेरीला सरासरी अर्धा तास धरू. प्रत्येक पोस्टला दोन फेऱ्या झाल्या, तर १२ तास वाढतात. एकूण ५८ आणि तासाला साधारण ३१० रुपये पडतात. पाच फेऱ्या झाल्या, तर एकूण ७६ तास आणि तासाला २३७ रुपये. कामाचा आकडा तोच, रक्कम तीच, पण जवळजवळ पाव कमाई करेक्शनमध्ये गेली. माझ्या मते रिटेनर फायद्याचा ठरतो की तोट्याचा, हे पोस्टच्या संख्येपेक्षा फेऱ्यांवर जास्त अवलंबून असतं.

आता, ‘दोन करेक्शन मोफत’ एवढंच लिहून भागत नाही. सकाळी काका व्हॉट्सॲपवर लिहितात, ‘लोगो मोठा कर.’ दुपारी त्यांचा मुलगा म्हणतो, ‘रंग बदला.’ रात्री काकू कळवतात की, चिवड्याचा फोटो मागच्या वर्षीचा आहे. या तीन फेऱ्या की एक? करारात असं लिहिलेलं बरं : एकाच ठरलेल्या माणसानं, सगळे बदल एकत्र करून, लेखी पाठवले की एक फेरी. घरातल्यांची मतं त्यानं आधी गोळा करावीत. दुसरी ओळ फ्रीलान्सरनं स्वतःहून घालावी : शुद्धलेखन, चुकीचा फोन नंबर, चुकलेला भाव अशा तिच्या चुका फेरीत मोजायच्या नाहीत. आणि तिसरी : चकलीची पोस्ट तयार झाल्यावर ‘त्याऐवजी शंकरपाळे घेऊ’ ही दुरुस्ती नव्हे, ती नवी पोस्ट.

फेऱ्या कमी करायच्या, तर मात्र करारापेक्षा कामाचा क्रम उपयोगी पडतो. महिना सुरू होण्याच्या आठवडाभर आधी सगळ्या पोस्टचा विषय, मजकूर, भाव आणि तारीख एका साध्या गूगल शीटमध्ये मालकांसमोर ठेवायची. इथे हवे तेवढे बदल करू द्यावेत, कारण ओळ खोडायला मिनिट लागतं. होकार आला की मगच डिझाइन. रीलचं तर याहून कडक असतं : काय दाखवायचं आणि काय बोलायचं, याला शूटिंगच्या आधीच होकार हवा. नंतर फक्त अक्षरं, कव्हर आणि संगीत बदलता येईल, पुन्हा चित्रीकरण म्हणजे वेगळे पैसे. संगीतावरूनही हट्ट होतो. गाजणारं सिनेमागीत हवं असतं, पण इन्स्टाग्रामच्या बिझनेस अकाउंटला बरीच गाणी व्यापारी कामासाठी वापरता येत नाहीत, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

दोन फेऱ्यांनंतर काय? दर आधीच लिहून ठेवावा, उदाहरणार्थ प्रत्येक जादा फेरीला २५० रुपये. यातून मोठी कमाई होत नाही. पण पैसे लागणार म्हटल्यावर ‘जरा डावीकडे सरकव’ हा निरोप पाठवण्याआधी माणूस थांबतो.

उत्तरच आलं नाही, तर? ‘४८ तासांत कळवलं नाही तर मंजूर समजू,’ असं कलम बरेच जण घालतात. फराळाच्या दुकानासाठी मला ते धोक्याचं वाटतं. किलोचा भाव चुकीचा गेला, तर भांडण दुकानाच्या काउंटरवर होतं. त्यापेक्षा होकार येईपर्यंत पोस्ट थांबवावी, ठरलेला दिवस गेला तर गेला, पण ती त्या महिन्याच्या बारांत धरावी. मालकांनी फोटोच पाठवले नाहीत म्हणून राहिलेल्या पोस्ट पुढच्या महिन्यात घेता येतील, पण तीनपर्यंतच आणि एकाच महिन्यापुरत्या. नाहीतर जून-जुलैच्या पोस्ट साठवून ऑक्टोबरात पंचवीस पोस्टची मागणी येते, आणि नेमक्या त्याच महिन्यात तिच्या इतर क्लायंटचीही दिवाळी असते.

तर त्या आठ शुभेच्छांचं काय करायचं? ऑगस्टमध्येच एक साचा मंजूर करून घ्यावा : दुकानाची पाटी, एक रंगसंगती, सणाचं नाव बदलण्याची जागा. त्या स्टोरी म्हणून जातील, फीडवर नाहीत. चार स्टोरी मिळून एक साधी पोस्ट, असं मोजायचं आणि साच्याला होकार मिळाल्यावर त्यांना दुरुस्तीची फेरी नाही. म्हणजे आठ शुभेच्छा दोन पोस्टमध्ये बसल्या आणि फराळासाठी दहा मोकळ्या राहिल्या. त्यांतल्या बहुतेक १७ तारखेच्या आत जायला हव्यात, कारण वसुबारसेनंतर फराळाची आगाऊ ऑर्डर देणारं गिऱ्हाईक फारसं उरत नाही. म्हणजे ऑक्टोबरची शीट सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मंजूर झालेली हवी आणि फोटोसाठी चकलीचा पहिला घाणा त्याच्याही आधी निघायला हवा.

बाकीची कलमं थोडक्यात होतात. पैसे महिन्याच्या सुरुवातीला, पाच तारखेच्या आत. जाहिरातीचा खर्च वेगळा आणि तो मालकांच्या कार्डावरून. अकाउंट दुकानाच्या ईमेलवर, फ्रीलान्सरला पासवर्ड न देता मेटा बिझनेस सूटमधून कामापुरता प्रवेश. थांबायचं असेल, तर कोणत्याही बाजूनं ३० दिवस आधी कळवायचं. त्या ३० दिवसांच्या पोस्ट तिनं करून द्यायच्या आणि शेवटच्या दिवशी सणांच्या साच्यासकट मूळ डिझाइन फाइली मालकांच्या हवाली करायच्या की नाही, हेही पहिल्याच दिवशी लिहायचं. कारण पुढच्या दसऱ्याला तो साचा दुसऱ्याच कुणाला तरी लागणार असतो.