गोळी ओळखू आली तर?

युद्ध वा अत्याचारानंतर जडणाऱ्या आघातोत्तर तणाव विकारावर एमडीएमएची एक चाचणी 2023 साली प्रसिद्ध झाली. रुग्ण 104. सुमारे निम्म्यांना औषध, बाकीच्यांना निष्क्रिय गोळी; मानसोपचार मात्र दोघांनाही सारखेच. शेवटी पहिल्या गटातील 71 टक्के आणि दुसऱ्यातील 48 टक्के रुग्ण विकाराच्या निकषांत बसेनासे झाले.

आम्हा संशोधकांना खटकते ते पुढेच. आपल्याला काय दिले हे रुग्णाला कळता कामा नये. पण एमडीएमएने नाडी वाढते, जबडा आवळतो. बहुतेकांनी ते ओळखलेच. मग गुण औषधाचा किती आणि अपेक्षेचा किती? 2024 साली अमेरिकी नियामकांनी मान्यता न देता आणखी एक चाचणी मागितली.

पार्टीतली गोळी ही निराळीच गोष्ट. चाचणीत हृदय आधी तपासतात, मात्रा मोजून देतात, दोन उपचारक आठ तास शेजारी बसतात, तेही फक्त तीन वेळा. पार्टीत गोळीत काय आहे हेच ठाऊक नसते, आणि गर्दीत नाचताना अंग धोकादायक तापू शकते.