खेळाच्या पानाला पट्टी लावली तेव्हा

एका दैनिकाच्या संपादकांना मी आजवर तीन पत्रं लिहिली, तिन्ही खेळाच्या पानाबद्दल. पहिलं मार्च २०१२ मधलं. पाटण्याला महिलांच्या कबड्डीचा विश्वचषक झाला आणि भारतानं अंतिम सामन्यात इराणला हरवलं. संघात महाराष्ट्राच्या सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ आणि अभिलाषा म्हात्रे होत्या. वाकोल्याला आमच्या वस्तीत रोज संध्याकाळी कबड्डीचा सराव करणाऱ्या मुलींना बातमी दाखवावी म्हणून पेपर उघडला, तर ती तळाशी एका कॉलमात सापडली. रागाच्या भरात लिहिलं, ‘या देशात क्रिकेटशिवाय दुसरा खेळच नाही का?’ पत्र छापून आलं नाही. त्याची प्रत आज वाचताना कारण कळतं. त्यात ना सामन्याचं नाव होतं ना अंकाची तारीख. असला सवाल संपादकांकडे आठवड्याला येत असणार.

दुसरं पत्र आभाराचं होतं. २६ जुलै २०१४ ला वरळीच्या एनएससीआय स्टेडियममध्ये प्रो कबड्डी सुरू झाली, यू मुंबाच्या चढायांचे रंगीत फोटो पानभर आले आणि मला वाटलं, तक्रार मिटली. घाई झाली माझी. लीग संपली आणि उपनगरातल्या स्पर्धांचे निकाल पुन्हा चार ओळींवर आले. जागा मिळाली होती ती लीगला. तिच्यामागे दूरचित्रवाणी आणि प्रायोजक होते. ज्या मातीतून लीगचे खेळाडू येतात, तिच्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही.

तिसऱ्या पत्राची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. १९ जानेवारी २०२५, रविवार. त्या संध्याकाळी दिल्लीत खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाचे अंतिम सामने झाले. आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं, मुलांनी ५४-३६ असं. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. त्याच संध्याकाळी मुंबईत वानखेडे स्टेडियमच्या पन्नाशीचा सोहळा होता आणि आदल्या दिवशी चॅम्पियन्स करंडकासाठी क्रिकेट संघ जाहीर झाला होता. सोमवारी पानावर सोहळा वर, संघनिवडीची चर्चा मध्ये आणि दोन्ही विश्वविजेते खाली.

या वेळी मी पट्टी घेऊन बसलो. वर्तमानपत्रातली जागा कॉलम-सेंटीमीटरमध्ये मोजतात. मोठ्या आकाराच्या पानाला साधारण आठ कॉलम असतात आणि उंची बावन्न सेंटीमीटरच्या आसपास. बातमीनं अडवलेले कॉलम गुणिले तिची उंची, झालं माप. फोटो आणि मथळा धरायचा, जाहिरात सोडायची. सोहळ्याचा एकटा फोटोच खो-खोच्या दोन्ही बातम्यांहून मोठा निघाला.

पत्र टाकण्याआधी वृत्तपत्रात काम केलेल्या एका ओळखीच्या गृहस्थांना ते दाखवलं. त्यांनी अडचण सांगितली. गल्लीतल्या स्पर्धेचा अंतिम सामना रात्री दहानंतर संपतो. तोवर बाहेरगावची आवृत्ती छपाईला गेलेली असते. निकाल संयोजकांकडून येतो, त्यात खेळाडूंची नुसती आडनावं असतात, फोटो अंधारा असतो. क्रिकेटचा मजकूर वृत्तसंस्थेकडून फोटोसकट तयार येतो, मग तोच लागतो. हे म्हणणं मला पटलं, पण स्थानिक स्पर्धांपुरतंच. खो-खोचा विश्वचषक राजधानीत होता, फोटो भरपूर होते. तिथे निवड संपादकीय होती, आणि ती चुकली.

शिवाय ही अडचण आजची नाही. वि. वि. करमरकरांनी महाराष्ट्र टाइम्समध्ये खेळाला स्वतंत्र पान मिळवून दिलं आणि त्यात क्रिकेटबरोबर कबड्डी, खो-खो, कुस्तीलाही मानानं जागा दिली. तेव्हा मोबाइल नव्हते, ईमेल नव्हती. मैदानावर माणूस जायचा आणि चढाई कुणाची, पकड कुणाची, सामना कुठल्या मिनिटाला फिरला ते पाहून लिहायचा. मार्च २०२३ मध्ये करमरकर गेले, तेव्हा त्यांच्यावरचे लेख मी कापून ठेवले. तिसऱ्या पत्रात मी त्यांचं नाव लिहिलं, मोजमाप लिहिलं आणि मागणी एकच ठेवली.

ते छापून आलं. मोजमापाचा परिच्छेद गाळला होता, मागणी राहिली होती. अजून ती पुरी झालेली नाही, म्हणून इथे पुन्हा मांडतो. संपादक महाशय, क्रिकेटची एक ओळही कमी करू नका. मुंबई उपनगरची पुढची जिल्हा कबड्डी स्पर्धा लागेल, तेव्हा फक्त अंतिम सामन्याला एक वार्ताहर पाठवा, आणि खेळाडूंची पूर्ण नावं छापा.